नव्या बोधचिन्हाच्या भाषणात काय सांगायला हवं

शाळेच्या नव्या बोधचिन्हाचं अनावरण असलं की मुख्याध्यापकांचं भाषण बहुतेक वेळा एकाच वाटेनं जातं. पडदा सरकतो, टाळ्या होतात आणि मग चिन्हातल्या एकेका आकाराचा अर्थ उलगडला जातो. उगवता सूर्य म्हणजे ज्ञान, उघडं पुस्तक म्हणजे अभ्यास, पंख म्हणजे झेप, निळा रंग म्हणजे आकाशाएवढी स्वप्नं. समोर विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी बसलेले असतात. माजी विद्यार्थ्यांना जाणून घ्यायचं असतं की जुनं चिन्ह का काढलं. पालकांच्या डोक्यात नवा बिल्ला, नवा गणवेश आणि त्याचा खर्च असतो. विद्यार्थ्यांना एवढंच हवं असतं की हे कुणी ठरवलं आणि आपल्याला कुणी विचारलं का. सूर्याच्या आणि पंखांच्या अर्थात यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं.

माझं म्हणणं असं आहे की हे भाषण अर्थ सांगण्यासाठी नसावं, हिशोब देण्यासाठी असावं. काय गेलं, ते का गेलं, निर्णय कुणी घेतला, विरोधात कोण काय म्हणालं, जुन्याचं आता काय होणार आणि कुणाच्या खिशाला किती चाट बसणार, एवढं मुख्याध्यापकांनी व्यासपीठावरून स्वतः सांगायला हवं. चिन्हाचा अर्थ दोन वाक्यांत संपला तरी चालेल. शाळेचं बोधचिन्ह दाखल्यावर असतं, शिक्क्यावर असतं, मुलांच्या खिशावर शिवलेलं असतं. शाळा सोडून वर्षं झालेल्या माणसांच्या कागदपत्रांवरही ते असतं. ज्या गोष्टीत इतक्या लोकांचा हिस्सा आहे ती बदलताना त्यांना कारण समजणं हा त्यांचा हक्क आहे.

अर्थ सांगण्याला माझा विरोध नाही. पण तो अर्थ शाळेच्या कामातून आलेला असला तरच टिकतो. रयत शिक्षण संस्थेचं वडाचं झाड पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी संस्था सुरू केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एकत्र जेवत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. पुढे गावोगाव शाखा निघाल्या. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आणि वडाचं झाड यांचा अर्थ रयतच्या विद्यार्थ्याला कुणी भाषणात समजावून द्यावा लागत नाही. पारंब्या जमिनीला टेकतात आणि तिथून नवं खोड उभं राहतं, हे त्यानं आपल्या तालुक्यात पाहिलेलं असतं. म्हणून एक साधी कसोटी सांगतो. भाषणातलं शाळेचं नाव खोडून शेजारच्या गावातल्या शाळेचं नाव घाला. भाषण तसंच्या तसं चालत असेल, तर त्यात आपल्या शाळेबद्दल काहीच सांगितलेलं नाही.

हिशोब कसा देता येतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडचं नाही. ते अमेरिकेतल्या हार्वर्ड लॉ स्कूलचं आहे. या विधी महाविद्यालयानं 1937 पासून जी ढाल वापरली तिच्यावर गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या. त्या पेंढ्या आयझॅक रॉयल याच्या घराण्याच्या चिन्हातून घेतल्या होत्या, कारण रॉयलच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून हार्वर्डमधलं कायद्याचं पहिलं अध्यासन 1815 साली निर्माण झालं आणि 1817 मध्ये महाविद्यालय उभं राहिलं. रॉयल घराण्याचा पैसा मात्र अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळ्यांतून आणि गुलामांच्या श्रमातून आलेला होता. 2015 च्या शरद ऋतूत विद्यार्थ्यांनी ही ढाल काढा म्हणून आंदोलन केलं.

तेव्हाच्या अधिष्ठाता मार्था मिनो यांनी लगेच होकार किंवा नकार दिला नाही. प्राध्यापक, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि कर्मचारी यांची समिती नेमली. मार्च 2016 मध्ये समितीनं ढाल वापरातून काढावी अशी शिफारस केली आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळानं त्याच महिन्यात ती मान्य केली. इथपर्यंत हा प्रकार इतर ठिकाणांसारखाच आहे. पुढची गोष्ट वेगळी आहे. समितीतल्या इतिहासकार अॅनेट गॉर्डन-रीड यांनी एका विद्यार्थिनीसह वेगळं मत नोंदवलं. त्या स्वतः कृष्णवर्णीय आहेत, गुलामगिरीच्या इतिहासाच्या मोठ्या अभ्यासक आहेत, आणि त्यांचं म्हणणं होतं की ढाल ठेवावी. ती काढली तर ज्या माणसांच्या घामातून ही संस्था उभी राहिली त्यांची आठवणही तिच्याबरोबर पुसली जाईल, ढाल समोर राहिली तर त्यांना विसरता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे विरोधी मत दडवलं गेलं नाही. मुख्य अहवालाबरोबर तेही जाहीर झालं.

त्या मताचा परिणाम झाला. सप्टेंबर 2017 मध्ये महाविद्यालयाच्या द्विशताब्दीच्या निमित्तानं आवारात एक शिळा बसवली गेली. ज्या गुलामांच्या श्रमातून संपत्ती निर्माण झाली आणि त्या संपत्तीतून हे महाविद्यालय शक्य झालं, त्यांच्या सन्मानार्थ ती आहे, असं तिच्यावर स्पष्ट लिहिलं आहे. ढाल गेली, पण ती ज्या कारणानं गेली ते कारण दगडावर राहिलं. नवी ढाल आली ती थेट ऑगस्ट 2021 मध्ये. मधली पाच वर्षं महाविद्यालय आपल्या स्वतंत्र चिन्हाविना चाललं आणि त्यानं काही बिघडलं नाही. आपल्याकडच्या ज्या संस्थाचालकांना स्नेहसंमेलनाच्या तारखेपर्यंत चिन्ह तयार हवंच असतं, त्यांनी या पाच वर्षांकडे नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं. घाई कुणाला असते? पाहुण्यांची तारीख मिळालेली असते, एवढंच.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या देशातलं आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचं, म्हणजे आयआयएमचं, जुनं बोधचिन्ह त्याच शहरातल्या सिदी सय्यद मशिदीच्या दगडी जाळीवरून घेतलेलं. 1573 सालच्या त्या मशिदीतली झाडाच्या नक्षीची जाळी कुणाही अहमदाबादकराला डोळे मिटून आठवते. तिच्याखाली ‘विद्या विनियोगाद्विकासः’ हे संस्कृत ब्रीदवाक्य. विद्येचा वापर केल्यानं विकास होतो, असा त्याचा अर्थ, आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेला यापेक्षा नेमकं वाक्य मिळणं अवघड. 2022 च्या मार्चमध्ये प्राध्यापकांसमोर नवी दोन चिन्हं आली, एक देशातल्या वापरासाठी आणि एक परदेशातल्या. परदेशी चिन्हातून संस्कृत वाक्य गेलेलं होतं. पंचेचाळीस प्राध्यापकांनी संचालक मंडळाला पत्र लिहून आक्षेप घेतला. आम्हाला न विचारता हे झालं, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. प्रकरण वर्तमानपत्रांत गेलं, माजी विद्यार्थी बोलू लागले. शेवटी जे चिन्ह स्वीकारलं गेलं त्यात ब्रीदवाक्य राहिलं.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट ठळक दिसते. हार्वर्डमधला वाद जास्त खोल होता, जास्त जखमा उघडणारा होता, तरी तो संस्थेच्या आत, कागदावर, मतभेदासकट मिटला. अहमदाबादचा वाद त्यामानानं लहान होता. तो वाढला, कारण लोकांना निर्णय आधी समजला आणि चर्चा नंतर झाली. चिन्ह सुंदर आहे की नाही, हा मुद्दा दोन्हीकडे दुय्यम होता.

तिसरी एक घटना थोडक्यात सांगतो. 2012 च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नवं चिन्ह एका चित्रफितीतून लोकांसमोर आलं. तीत विद्यापीठाची जुनी मुद्रा हळूहळू नव्या चिन्हात बदलताना दिसत होती. पन्नास हजारांहून जास्त लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि डिसेंबरमध्ये विद्यापीठानं नवं चिन्ह मागे घेतलं. विद्यापीठाचं म्हणणं होतं की जुनी मुद्रा पदव्यांवर राहणारच होती, नवं चिन्ह फक्त प्रसिद्धीसाठी होतं. पण अनावरणाच्या दिवशी लोकांनी जे पाहिलं त्यात जुनी मुद्रा नाहीशी होत होती. जुनं काय राहणार, हे पहिल्या दिवशी ठासून न सांगण्याची ती किंमत होती.

आता आपल्या शाळांकडे येऊ. मुख्याध्यापकांनी भाषणात पहिलं सांगायचं ते बदलाचं कारण, आणि ते कारण बोलून दाखवण्याजोगं असलं पाहिजे. माझ्या मते बोधचिन्ह बदलायला मोजकीच कारणं पुरेशी आहेत. संस्थेचं नाव बदललं, मुलांची शाळा आता मुलामुलींची झाली आणि चिन्हात फक्त मुलगा आहे, चिन्हात एखाद्या समाजाला खाली दाखवणारं काही आहे, किंवा चिन्ह कायद्यात बसत नाही. शेवटचं कारण कल्पनेतलं नाही. जुन्या काळी काही शाळांनी हौसेनं अशोकस्तंभाचे सिंह आपल्या चिन्हात घेतले. 2005 च्या राजचिन्हाविषयीच्या कायद्यानुसार तसं परवानगीशिवाय करता येत नाही. असं कारण असेल तर ते सरळ सांगावं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

‘आधुनिक दिसावं’ हे कारण मात्र मला पुरेसं वाटत नाही. बहुतेक वेळा जे जुनाट दिसतं ते चिन्ह नसतंच, त्याची खराब झालेली प्रत असते. पन्नास वर्षांपूर्वी चित्रकलेच्या सरांनी शाईनं काढलेलं मूळ चित्र हरवलेलं असतं. मग छापलेल्या लेटरहेडवरून ब्लॉक, ब्लॉकवरून झेरॉक्स, झेरॉक्सवरून स्कॅन, आणि तो स्कॅन व्हॉट्सअॅपवरून छापखान्यात गेलेला, अशा फेऱ्यांत दिव्याची ज्योत ठिपका होते आणि पुस्तकाची पानं चिकटून जातात. अशा वेळी चिन्ह बदलायचं नसतं, पुन्हा रेखाटायचं असतं. जुन्या वार्षिकांकांतून किंवा इमारतीवरच्या कोरीव कामातून सर्वांत स्वच्छ प्रत शोधायची आणि तिच्यावरून रेषा नव्यानं आखून घ्यायच्या, कितीही मोठं केलं तरी फुटणार नाही अशा स्वरूपात. हे काम नवं चिन्ह करण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि कुणाचं मन दुखवत नाही.

चिन्ह खरोखरच नवं करायचं असेल, तर ते पडद्यावर किती छान दिसतं यापेक्षा ते कुठे कुठे वापरलं जाणार हे महत्त्वाचं. शाळेचं चिन्ह तीन ठिकाणी हमखास मार खातं. पहिलं ठिकाण रबरी शिक्का. तो एकाच रंगाचा असतो, जेमतेम चार सेंटिमीटर व्यासाचा, आणि शाई जास्त झाली की बारीक रेषा बुजतात. दुसरं ठिकाण गणवेशावरचा भरतकाम केलेला बिल्ला. तिथे दोऱ्याची जाडी हीच सर्वांत बारीक रेषा असते. रंगांच्या हळूहळू बदलणाऱ्या छटा भरतकामात येत नाहीत, आणि अक्षरं पाच मिलिमीटरपेक्षा लहान झाली की मात्रा, अनुस्वार, रफार सगळं एक गोळा होतं. तिसरं ठिकाण मोबाइलवरचं नखाएवढं वर्तुळ. म्हणून मंजुरीच्या आधी चिन्ह दोन सेंटिमीटर आकारात, फक्त काळ्या शाईत छापून पाहावं. एका पालकाच्या हाती तो कागद द्यावा आणि काय दिसतं ते विचारावं. जे त्याला दिसणार नाही ते शिक्क्यावर कधीच दिसणार नाही.

ब्रीदवाक्याचा प्रश्न तर मराठी शाळांसाठी खास आहे. ‘सा विद्या या विमुक्तये’ हे विष्णुपुराणातलं वचन कितीतरी शाळांच्या चिन्हावर वर्तुळाच्या कडेनं लिहिलेलं असतं. रोमन अक्षरं सुटी असतात, ती वर्तुळावर सहज वळतात. देवनागरीला शिरोरेषा असते. साध्या पद्धतीनं वाक्य वर्तुळावर बसवलं की प्रत्येक अक्षर वेगळं फिरतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात, जणू शब्द तुटून पडला आहे. त्यात छापखान्यातल्या संगणकावर देवनागरीची जुळणी नीट चालू नसेल तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापाशी जाते, ‘द्या’चं जोडाक्षर सुटतं आणि द चा पाय मोडलेला उघडा दिसतो. असा चुकलेला शब्द मी शाळांच्या प्रवेशद्वारावर पाहिला आहे आणि तो पाहून फार वाईट वाटतं. जी शाळा मुलांना शुद्धलेखन शिकवते तिच्या दारावर ‘विद्या’ मोडलेली असणं बरं नाही. उपाय अवघड नाही. वाक्य सुलेखनकाराकडून वळणासकट हातानं काढून घ्यावं, किंवा ते वर्तुळाऐवजी खाली सरळ पट्टीवर ठेवावं. आणि भाषेच्या शिक्षकांनी अंतिम नमुना अक्षर-अक्षर वाचून त्यावर सही करावी.

भाषणातला दुसरा भाग निर्णयाचा. शाळा मुख्याध्यापकांच्या मालकीची नसते. आपल्याकडच्या बहुतेक खासगी शाळा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्था चालवतात, आणि बोधचिन्ह हे संस्थेचं असतं. तेव्हा ‘आम्ही ठरवलं’ एवढं पुरत नाही. कार्यकारिणीनं कोणत्या बैठकीत ठराव केला, त्याआधी पालक-शिक्षक संघात चर्चा झाली का, माजी विद्यार्थी संघाला नमुने दाखवले का, किती नमुन्यांतून हा निवडला, हे सांगावं. कुणाचा विरोध होता आणि त्याचं म्हणणं काय होतं, हेही सांगावं. आपल्याकडे समारंभात मतभेदाचा उल्लेख अपशकुनासारखा टाळला जातो. मला वाटतं, तो उल्लेख सन्मानानं केला तर ज्याचं म्हणणं डावललं गेलं तो माणूसही शाळेपासून तुटत नाही. गॉर्डन-रीड यांचं मत हरलं, पण त्याची नोंद झाली आणि त्यातला खरा भाग पुढे शिळेच्या रूपानं आवारात उभा राहिला.

तिसरा भाग चित्रकाराचा, आणि तिथे शाळा नकळत मोठी चूक करतात. बोधचिन्हासाठी बऱ्याचदा विद्यार्थ्यांची किंवा माजी विद्यार्थ्यांची स्पर्धा घेतली जाते. विजेत्याला शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळतं, आणि शाळा समजते की चित्र आता आपलं झालं. 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला हक्क ते काढणाऱ्याचा असतो. शाळेच्या नोकरीत असलेल्या कला शिक्षकांनी नोकरीचा भाग म्हणून ते काढलं असेल, तर हक्क साधारणपणे शाळेचा. नववीतल्या मुलीनं किंवा बाहेरच्या चित्रकारानं काढलं असेल, तर हक्क त्यांचा, बक्षीस दिलं असलं तरीही. तो शाळेकडे यायचा तर लेखी करार आणि सही लागते, मुलगी सज्ञान नसेल तर पालकांना त्यात घ्यावं लागतं. त्या करारात मुदत लिहायची राहून गेली तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहायचा राहिला तर तो भारतापुरता धरतो. म्हणजे एका ओळीच्या विसरण्यानं सहाव्या वर्षी शाळा परक्याचं चित्र आपल्या दाखल्यांवर छापत असते. करार पूर्ण झाला असला तरी चित्र आपलं आहे असं सांगण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. म्हणून मुख्याध्यापकांनी भाषणात त्या मुलीचं नाव घेणं ही उपकाराची गोष्ट नाही. आणि ते सत्काराच्या रांगेत सातव्या क्रमांकावर घेऊ नये, चिन्ह दाखवताना घ्यावं.

आता सर्वांत आवश्यक भाग, कागदपत्रांचा आणि खर्चाचा. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाकडे जुन्या शिक्क्याचा शाळा सोडल्याचा दाखला असतो. जातपडताळणी असो, पासपोर्ट असो, नोकरी असो, तो कागद त्यांना आयुष्यभर लागतो. शिक्का बदलल्याची बातमी ऐकून त्यांना काळजी वाटणं स्वाभाविक आहे. दाखल्याचा आधार शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद असते, चिन्ह बदलल्यानं ती नोंद बदलत नाही, हे त्यांना मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. शाळेनं आपल्या बाजूनं दोन गोष्टी करायच्या असतात. नवा शिक्का कोणत्या तारखेपासून लागू झाला याची नोंद ठरावात ठेवायची, म्हणजे वीस वर्षांनी कुणी दोन वेगळ्या शिक्क्यांचे दाखले समोर ठेवून विचारलं तर उत्तर तयार असेल. आणि जुना शिक्का पंचनामा करून बाद करायचा. बाद न केलेला जुना शिक्का कार्यालयाच्या खणात पडून राहणं म्हणजे मागच्या तारखांचे खोटे दाखले निघायला दार उघडं ठेवणं.

गणवेशाबद्दल माझी भूमिका ठाम आहे. चिन्ह बदललं म्हणून एकाही पालकाला चालू गणवेश टाकून द्यावा लागता कामा नये. ज्या घरात दोन मुलं शाळेत आहेत आणि मोठ्याचा शर्ट धाकट्याला येतो, त्या घराला नव्या बिल्ल्याचा अर्थ वेगळाच समजतो. जुना गणवेश अपुरा होईपर्यंत चालेल, ज्याला हवं त्याला नवा बिल्ला जुन्यावर शिवून घेता येईल आणि तो बिल्ला शाळा देईल, एवढं जाहीर केलं तर हा प्रश्न तिथेच मिटतो. मुलांमध्ये जुना बिल्ला आणि नवा बिल्ला असा भेद पडेल, असा आक्षेप काही शिक्षक घेतात. तो खरा आहे. पण दोन-तीन वर्षं दोन्ही बिल्ले एकाच वर्गात दिसले तर मुलांना ते सवयीचं होतं, विशेषतः शिक्षकांनी स्वतः जुने बिल्ले लावले तर.

हे सगळं भाषणात बसतं का, असा प्रश्न येईल. समारंभ आहे, तिथे ठराव, करार आणि शिक्के कुठे आणायचे, पालक कंटाळतील, असं मला अनेकदा ऐकायला मिळतं. माझा अनुभव उलटा आहे. सभागृहात लोक कुजबुजू लागतात ते सूर्य आणि पंखांच्या वेळी. ‘गणवेशाचं काय’ असं वाक्य आलं की सभागृह शांत होतं. आणि हिशोबाची भाषा रुक्ष असलीच पाहिजे असं नाही. समजा एखाद्या मुख्याध्यापिकेनं असं बोलायचं ठरवलं:

‘आपल्या जुन्या चिन्हात पाटी घेतलेला एकटा मुलगा होता. शाळा सुरू झाली तेव्हा इथे मुलगेच शिकत होते. आज या सभागृहात निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि त्यांनी मला विचारलं की बाई, आम्ही यात कुठे आहोत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून संस्थेकडे हा विषय नेला. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी सांगितलं की पाटी काढू नका, आम्ही तिच्यावर शिकलो. त्यांचं म्हणणं आम्ही मानलं, पाटी राहिली आहे. मुलगा काढू नका असंही काहींचं म्हणणं होतं, ते मानता आलं नाही, आणि त्यांना वाईट वाटलं आहे हे मला माहीत आहे. जुनं चिन्ह इमारतीच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेलं आहे. ते तिथेच राहील. तुमचे दाखले तसेच चालतील. मुलांनो, तुमचे शर्ट तसेच चालतील. नवं चित्र काढलं आहे ते आपल्याच शाळेतल्या मुलीनं. ती आता इथे येऊन तुम्हाला सांगेल की तिनं पाटीवर काहीच का लिहिलेलं नाही.’

यात अर्थही आला, पण तो कारणाच्या पाठोपाठ आला. ऐकणाऱ्याला कळलं की काय टिकलं आणि काय गेलं. ज्याचं मन दुखावलं त्याची दखल घेतली गेली. आणि चिन्हाबद्दल बोलायचा पहिला मान ज्या मुलीनं ते काढलं तिला मिळाला. असं भाषण पाच-सहा मिनिटांत संपतं. त्यानंतर पंधरा मिनिटं प्रश्नांसाठी ठेवावीत आणि आलेले प्रश्न व दिलेली उत्तरं इतिवृत्तात लिहावीत, कारण गणवेशाबद्दल व्यासपीठावरून दिलेला शब्द जूनमध्ये दुकानात विसरला जातो.

शेवटचा मुद्दा तारखेचा. आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात थोडी उशिरा. गणवेश आणि वह्यांची खरेदी मे महिन्यापासून सुरू होते, आणि शाळेच्या नावाच्या वह्या छापून घ्यायच्या असतील तर छापखान्याला त्याआधी दोन महिने तरी द्यावे लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात किंवा पंधरा ऑगस्टला अनावरण केलं तर पालकांनी गणवेश घेतलेला असतो, वह्यांवर जुनं चिन्ह छापलेलं असतं, आणि शाळेपुढे दोनच वाटा उरतात, माल फुकट घालवायचा किंवा पालकांकडून पुन्हा पैसे घ्यायचे. डिसेंबर-जानेवारीतलं स्नेहसंमेलन ही योग्य वेळ आहे. माजी विद्यार्थी तेव्हा आलेले असतात. आक्षेप आला तर ऐकून घ्यायला चार महिने हातात असतात. आणि फेब्रुवारीत एखाद्या निवृत्त शिक्षकानं पत्र लिहून ब्रीदवाक्यातला ऱ्हस्व-दीर्घ दाखवून दिला, तर तो छापण्याआधी दुरुस्त करता येतो.